शेवटची बारा मिनिटं : एका समारोपाचा प्रकरण अभ्यास

कार्यशाळा एका दिवसाची होती आणि विषय एकच होता: कारखान्यात शिफ्ट बदलताना चार्ज कसा द्यायचा आणि कसा घ्यायचा. समोर शिफ्टप्रमुख, एका बॅचला चोवीस. अशा दोन बॅच तीन आठवड्यांच्या अंतराने झाल्या. दिवसभराचा मजकूर, सराव, उदाहरणं सगळं जवळपास तेच ठेवलं होतं. पहिल्या वेळी समारोप पार फसला म्हणून दुसऱ्या वेळी मी तेवढाच बदलला. एरवी दोन कार्यशाळांमध्ये इतकं काही वेगळं असतं की कशामुळे काय झालं ते सांगता येत नाही. इथे निदान बोट ठेवायला जागा आहे.

पहिली बॅच

वेळापत्रकात समारोपाला ४:४५ ते ५:०० अशी पंधरा मिनिटं होती. दुपारचा शेवटचा सराव लांबला, कारण गट रंगात आले होते आणि मला त्यांना थांबवायचं जिवावर आलं. मी समारोपाची स्लाइड लावली तेव्हा ४:५८ झाले होते. स्लाइडवर मथळा होता ‘आज आपण काय शिकलो’ आणि खाली अकरा मुद्दे. ते मी वाचून दाखवले. भरभर वाचले, कारण वेळ नव्हता.

चौथ्या की पाचव्या मुद्द्याला मागच्या रांगेत कुणीतरी बॅगेची चेन ओढली. शांत खोलीत तो आवाज केवढा मोठा वाटतो ते ज्याने कधी खोली चालवली आहे त्यालाच कळेल. मग दुसरी चेन, मग खुर्ची सरकली. सातव्या मुद्द्यापासून मी फक्त पडद्याशी बोलत होते.

त्यावर मी आणखी एक चूक केली. सवयीने विचारलं, “काही प्रश्न?” एकाने विचारलं की पुढच्या शिफ्टचा माणूस उशिरा आला आणि त्याच्यासाठी थांबावं लागलं तर त्या वेळेचा ओव्हरटाइम धरणार का. प्रश्न अगदी रास्त होता, पण उत्तर माझ्या हातात नव्हतं. पाच-सहा मिनिटं त्यावर गरमागरमी झाली. मग प्रमाणपत्रावरच्या नावांचं स्पेलिंग तपासायला कागद फिरला, अभिप्रायाचे अर्ज भरून झाले, फोटो झाला, आभार झाले. शेवटचं वाक्य, मला आठवतं, असं होतं: “ज्यांचं आडनाव चुकलंय त्यांनी इथे थांबा.”

अभिप्रायाच्या अर्जांवर बहुतेकांनी ‘उत्तम’ला खूण केली होती. त्यावर मी विसंबले असते तर पुढचं काही घडलंच नसतं. पण दहा दिवसांनी त्यांच्यापैकी नऊ जणांना फोन केला आणि एकच विचारलं: त्या दिवसातलं काय आठवतंय? सरावात दोन सहकाऱ्यांची उडालेली फजिती सगळ्यांना आठवत होती. ओव्हरटाइमचा वाद पाच जणांना आठवत होता. अकरा मुद्द्यांपैकी दोनपेक्षा जास्त एकालाही सांगता आले नाहीत, आणि ते दोनही प्रत्येकाचे वेगळे. म्हणजे चोवीस माणसं एकाच खोलीतून चोवीस निरनिराळ्या कार्यशाळा घेऊन गेली होती.

शेवटचं खरंच लक्षात राहतं का

प्रशिक्षण देणाऱ्यांमध्ये एक समज पक्का आहे: माणसाला शेवटचं लक्षात राहतं, म्हणून महत्त्वाचं शेवटी सांगा. मीही तेच धरून चालले होते. तो समज अर्धाच खरा आहे.

शब्दांची यादी ऐकवून लगेच आठवायला सांगितलं तर यादीतले शेवटचे शब्द खरोखर जास्त आठवतात. पण १९६६ मध्ये ग्लँझर आणि क्युनिट्झ यांनी यादी संपल्यावर लोकांना अर्धा मिनिट आकडे मोजायला लावले आणि मग विचारलं. शेवटच्या शब्दांचा तो फायदा पुसला गेला होता. माझ्या खोलीत अकरा मुद्द्यांनंतर ओव्हरटाइम, स्पेलिंग आणि फोटो आले. अर्धा मिनिट कसला, वीस मिनिटं आकडेमोड झाली. मुद्दे शेवटी होते एवढ्यावर ते तगणार नव्हतेच.

शेवटाचा जोर दिसतो तो आठवणीच्या चवीत. कानेमान आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा थंड पाण्याचा प्रयोग अनेकांना माहीत असतो. एकदा साठ सेकंद १४ अंशांच्या पाण्यात हात ठेवायचा. दुसऱ्यांदा तेच साठ सेकंद, वर आणखी तीस सेकंद, पण त्या तिसांत पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत चढवायचं. यातलं पुन्हा काय कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला प्रकार निवडला. एकूण त्रास जास्त, पण शेवट जरा बरा. तेव्हा शेवट कसा झाला यावर लोक दिवसाबद्दल काय म्हणतील ते बऱ्याच अंशी ठरतं. दिवसातलं काय लक्षात राहील ते मात्र त्यावर ठरत नाही. या दोन गोष्टींची आपण सर्रास गल्लत करतो. त्यामुळेच टाळ्यांचा कडकडाट झाला की समारोप जमला असं वाटतं.

मग मजकूर टिकावा कसा? रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून नंतर कोऱ्या कागदावर आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनी पाहिलं तेव्हा दोनदा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्याने चित्र उलटलं: आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के सांगता आलं, दोनदा वाचणाऱ्यांना ४२. स्लाइड वाचून दाखवणं म्हणजे दुसरं वाचन. वाचून दाखवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यालाही त्या क्षणी ‘हो, हे येतंय आपल्याला’ असं वाटतं, आणि तिथेच फसगत होते.

गंमत अशी की माझ्या कार्यशाळेचा विषयच हा होता. चार्ज घेणारा “हो हो, कळलं” म्हणाला म्हणजे त्याला कळलं असं धरू नका, हे मी दिवसभर सांगत होते. आणि ४:५८ ला मी स्वतः अकरा मुद्द्यांचा चार्ज पडद्याकडे बघून दिला होता. समोरचे हो हो करत बॅगा भरत होते.

अकराचे तीन

दुसऱ्या बॅचच्या आधी मी अकरा मुद्दे अकरा चिठ्ठ्यांवर लिहिले. पहिल्या फेरीत जे तीन उरले ते होते ‘संवाद स्पष्ट ठेवा’, ‘लक्षपूर्वक ऐका’ आणि ‘नोंदी नीट ठेवा’. कागदावर छान दिसत होते. एका सहकाऱ्याला दाखवले, तर तो म्हणाला, “हे तर ते सकाळी नऊला येतानाही म्हणाले असते.” तेव्हापासून मी ही कसोटीच लावते. जे वाक्य दिवस सुरू होण्याआधीही कुणी म्हणू शकला असता ते त्या दिवसातलं शिक्षण नसतं, धड्याचा नुसता मथळा असतो.

दुसऱ्या फेरीत प्रत्येक चिठ्ठीला विचारलं: उद्याच्या शिफ्ट बदलाला हे केलं नाही तर नेमकं काय बिघडेल? संवादाच्या पद्धती, व्याख्या, आकृत्या यांच्यापाशी उत्तर नव्हतं. सकाळच्या सत्रात त्यांचं काम होऊन गेलं होतं. पाच चिठ्ठ्या उरल्या. पाचाचे तीन करताना मोह होतो तो ‘आणि’ घालण्याचा. ‘यंत्रापाशी उभं राहून आणि अर्धवट कामापासून सुरुवात करून आणि…’ असं केलं की मुद्दे तीनच राहतात, पण डोक्यावरचं ओझं पाचांचंच. म्हणून नियम केला: एका मुद्द्यात एकच क्रियापद, आणि एका दमात म्हणता यायला हवं.

शेवटी ठरलं ते असं. एक, चार्ज यंत्रापाशी द्या. दोन, अर्धवट काम आधी सांगा. तीन, समोरच्याकडून परत वदवून घ्या.

यांचा क्रम दिवसातल्या सत्रांप्रमाणे नाही. परत वदवून घेणं आम्ही सकाळीच शिकवलं होतं आणि यंत्रापाशी जाणं दुपारी. पण उद्या माणूस काम करेल तो क्रम असा आहे: आधी तो यंत्रापाशी चालत जाईल, मग बोलायला तोंड उघडेल, मग समोरच्याचं ऐकेल. मुद्दे त्या वाटेवर मांडले की एकामुळे दुसरा आठवतो. सत्रांच्या क्रमाने सांगितलं तर फक्त वेळापत्रक आठवतं.

नोंदवहीचा मुद्दा मी जाणूनबुजून गाळला. तो महत्त्वाचा नाही म्हणून नव्हे. नोंदवही सगळे भरतातच, ती अंगवळणी पडलेली गोष्ट आहे. समारोपातल्या तीन जागा मी जिथे वागणं बदलायचं आहे त्यांच्यासाठी ठेवते. हा निर्णय सगळ्यांना पटला नाही, ते पुढे येईलच.

इथे एक मर्यादाही सांगायला हवी. कार्यशाळा जर देखभालीआधी यंत्राचा वीजपुरवठा तोडून कुलूप लावण्यासारख्या ठरलेल्या पायऱ्यांची असेल, तर तिचे तीन मुद्दे करणं धोक्याचं आहे. सात पायऱ्या असतील तर सातही लागतात आणि त्या आठवणीवर सोडायच्या नसतात. त्यांच्यासाठी यंत्रावर टांगलेली यादी हवी. तिथे समारोपात फार तर यादी कुठे टांगली आहे आणि ती केव्हा हातात घ्यायची एवढंच सांगावं.

घड्याळ

दुसऱ्या बॅचला फोटो, हजेरी, स्पेलिंग आणि अभिप्राय हे सगळं ४:२५ ला उरकलं. प्रश्नही तिथेच घेतले. ओव्हरटाइमचा प्रश्न याही वेळी आलाच. तो मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला, कुणाकडे आणि कधी पोचवणार ते सांगितलं आणि पुढे गेले. सरावासाठी एक रेघ आधीच आखून ठेवली होती: ४:०५ पर्यंत दुसरी फेरी सुरू झाली नाही तर ती रद्द. ती रद्द करावी लागली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. लांबलेल्या सरावाला वाव देण्यासाठी आपण समारोप कापतो. त्याऐवजी सराव कापावा, कारण न झालेल्या फेरीची लोकांना कल्पना नसते, पण घाईत गुंडाळलेला शेवट सगळ्यांना दिसतो.

४:४५ ला मी पडदा बंद केला. सगळ्यांना वह्या मिटायला सांगितल्या आणि कोरा कागद दिला. “आज जे झालं त्यातलं पुढच्या शिफ्टला तुम्ही काय वापराल? दोन मिनिटं, न बोलता.” पहिली तीस सेकंद अवघड जातात. लोक छताकडे बघतात, शेजाऱ्याच्या कागदावर डोकावतात. त्या वेळी आपण बोलायला लागायचं नसतं. मी खिडकीशी जाऊन पाठ करून उभी राहिले, नाहीतर माझं तोंड उघडलंच असतं.

मग दोन मिनिटं त्यांनी सांगितलेलं फळ्यावर घेतलं, त्यांच्याच शब्दांत. नऊ गोष्टी आल्या. माझे तिन्ही मुद्दे त्यात होते, फक्त वेगळ्या वेषात. ‘परत वदवून घ्या’ला एकाने ‘पोपट करा’ म्हटलं होतं. एका ज्येष्ठ शिफ्टप्रमुखाने ठासून सांगितलं, “नोंदवहीत अर्धवट काम लाल पेनाने लिहायचं.” ते आम्ही दिवसभरात कुठेही म्हटलं नव्हतं. मी लाल पेनही फळ्यावर लिहिलं. ज्याने आठवून काही दिलं त्याचं खोडायचं नाही.

त्यानंतर मी बोलले ते साधारण असं होतं. आदल्या रात्री घड्याळ लावून म्हणून पाहिलं होतं, दोन मिनिटांच्या आत बसत होतं.

“फळ्यावर नऊ गोष्टी आहेत. नऊ कुणाच्या लक्षात राहत नाहीत, माझ्याही नाही. मी यातल्या तीन धरते.

“एक. चार्ज यंत्रापाशी द्या. दुपारी टेबलाशी बसून सांगितलं तेव्हा ‘डावीकडचा व्हॉल्व्ह’ असं म्हणून सगळ्यांचं समाधान झालं होतं. यंत्रापाशी गेलो तर डावीकडे दोन व्हॉल्व्ह निघाले.

“दोन. अर्धवट काम आधी सांगा. झालेलं काम दिसतं, राहिलेलं दिसत नाही. सकाळचा तो पंप आठवा.

“तीन. समोरच्याकडून परत वदवून घ्या. तुम्ही सांगितलं म्हणजे चार्ज गेला नाही. त्याच्या तोंडून आला म्हणजे गेला.

“आता उभे राहा. फळ्याकडे पाठ करा. शेजाऱ्याला हे तीन सांगा आणि त्याच्याकडून परत वदवून घ्या.”

खोलीत जीव आला तो इथे. चोवीस माणसं उभी राहून एकदम बोलायला लागली, कुणी दुसऱ्याला अडवत होतं, “तिसरा राहिला, तिसरा!” माझा आवाज चढवून हे झालं नसतं. दिवसअखेरीस लोक थकलेले असतात ते बसून आणि ऐकून. त्यांना उठवलं आणि बोलतं केलं की चेहरे बदलतात. जोशपूर्ण भाषणाने लोक माझ्या जोशाकडे बघतात. या दोन मिनिटांत माझ्याकडे कुणी बघतही नव्हतं.

‘सकाळचा तो पंप’ म्हणजे पायपर अल्फा. उत्तर समुद्रातल्या या तेल-वायू फलाटावर ६ जुलै १९८८ रोजी एका कंडेन्सेट पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता आणि त्या जागी नुसतं झाकण बसवलं होतं. काम अर्धवट राहिलं. ते रात्रीच्या शिफ्टपर्यंत पोचलं नाही. दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी हाच पंप सुरू केला, वायू बाहेर आला, स्फोट झाला. त्या दुर्घटनेत १६७ माणसं गेली. सकाळच्या सत्रात हे प्रकरण आम्ही सविस्तर घेतो. पहिल्या बॅचला समारोपातही जळत्या फलाटाचं छायाचित्र दाखवावं असा माझा विचार होता, वेळ नसल्याने राहिलं, ते बरंच झालं. भीतीचं काम सकाळी असतं, लोकांनी विषय गंभीरपणे घ्यावा म्हणून. दिवसाच्या टोकाला तीच भीती दाखवली तर माणूस जड पावलांनी घरी जातो आणि त्याला वाटतं की हे सगळं आपल्या आवाक्याबाहेरचं आहे. शेवटी एक अर्धं वाक्य पुरलं.

मग दोन मिनिटं कार्ड. त्यावर छापलं होतं: ‘माझी पुढची शिफ्ट ___ ला सुरू होते. मी ___ यांच्याकडून चार्ज घेईन. आम्ही ___ यंत्रापाशी भेटलो की मी लगेच ___.’ एवढंच. हे कार्ड का, तर मिल्न, ऑर्बेल आणि शीरन यांच्या २००२ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांना व्यायाम करायला लावायचा होता. ज्यांना फक्त पटवून दिलं त्यांच्यातल्या ३५ टक्क्यांनी पुढच्या आठवड्यात व्यायाम केला. ज्यांना काहीच पटवलं नव्हतं ते ३८ टक्के. आणि ज्यांच्याकडून कधी, कुठे करणार हे लिहून घेतलं ते ९१ टक्के. पटवलेल्यांचा उत्साह नक्कीच वाढला असेल, पण उत्साहाला वेळ आणि जागा ठरवून दिली नव्हती.

शेवटच्या वाक्यासाठी मी चार मसुदे केले होते. त्यातले तीन असे होते की कुठल्याही कार्यशाळेला चालले असते, म्हणून टाकले. चौथा वापरला. “उद्या सकाळी सहाला कुणाची शिफ्ट आहे? हात वर.” सात हात वर आले. “बाकीच्यांनी यांना नीट बघून ठेवा. उद्या यांच्यापैकी एकाला गाठून विचारा, ‘पोपट केला का?’” हशा पिकला. मी खडू ठेवला. ४:५७.

आणि मग

आणि मग दार उघडलं आणि वरिष्ठ व्यवस्थापक आत आले. त्यांना ४:२५ ची वेळ दिली होती, ते बैठकीत अडकले होते. “बसा बसा, दोनच शब्द बोलतो.” उभी राहिलेली माणसं पुन्हा बसली. सुरक्षितता ही सर्वांची जबाबदारी कशी आहे, यावर ते पाच मिनिटं बोलले. मनापासून बोलले, पण फुग्यातून हवा जावी तशी खोली बसली. त्यांना अडवणं शक्य नव्हतं.

हे असं होणार हे गृहीत धरूनच शेवट आखायला हवा होता. त्या दिवशी सुचलं ते इतकंच: त्यांचं बोलणं संपताच मी दाराशी जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, “बाहेर पडताना तिघांपैकी एक मला सांगून जा.” दोन-तीन मिनिटांत सगळे गेले. कुणी ‘यंत्रापाशी’ म्हणालं, बरेच जण ‘पोपट’ म्हणाले. व्यवस्थापकही रांगेत होते. ते घोटाळले, तेव्हा मागच्याने हळूच सांगितलं, “अर्धवट आधी, साहेब.” लाल पेनवाले ज्येष्ठ शेवटी आले, माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, “लाल पेन,” आणि निघून गेले. दाराशी उभं राहणं आता मी कायमच ठेवलं आहे, कारण शेवटचा शब्द कुणी का बोलेना, दारातून सगळ्यांना एकेकट्यानेच जावं लागतं.

दहा दिवसांनी पुन्हा नऊ फोन केले, तोच प्रश्न. सहा जणांनी तिन्ही मुद्दे सांगितले, दोघांनी दोन. एकाला फक्त ‘ते दोन व्हॉल्व्ह’ आठवत होते, पण त्यावरून त्याने पहिला मुद्दा बरोबर काढला. आकडे छोटे आहेत. शिवाय दुसऱ्या वेळी माझा हात बसला होता, आणि आधीच्या बॅचने यांना ‘बाई फोन करतात’ हे सांगितलं असण्याची दाट शक्यता आहे. म्हणून समारोपानेच हे सगळं केलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

लक्षात किती राहिलं यापेक्षा प्रत्यक्ष काय केलं, या माझ्या पुढच्या प्रश्नाची उत्तरं जास्त कामाची निघाली. यंत्रापाशी जाणं जवळपास सगळ्यांनी केलं होतं. अर्धवट काम आधी सांगणं बऱ्याच जणांनी. परत वदवून घेणं मात्र, जे सर्वांत जास्त आठवत होतं, तेच सर्वांत कमी झालं होतं. मला आधी समजेना. पोपट शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला होता, हसू आलं होतं, कार्डं भरली होती.

एका तरुण शिफ्टप्रमुखाने उलगडा केला. “मॅडम, माझ्यानंतर जे येतात ते काका वीस वर्षं त्या यंत्रावर आहेत. मी त्यांना ‘परत सांगा’ कसं म्हणू? परीक्षा घेतल्यासारखं वाटतं. आणि पोपट तर त्यांच्यासमोर म्हणूच शकत नाही.”

खोलीत हशा पिकवणारा शब्दच यंत्रापाशी आड येत होता. सरावात जोड्या बरोबरीच्या होत्या, म्हणून मला ते दिसलं नव्हतं. मी त्याला विचारलं, मग तू काय केलंस? तो म्हणाला, देताना काहीच नाही केलं, पण घेताना केलं. त्याच्या आधीच्या शिफ्टलाही एक ज्येष्ठच होते. त्यांचं सांगून झाल्यावर हा स्वतःहून म्हणाला, “काका, मी एकदा म्हणून बघतो, चुकलं तर थांबवा.” त्यांनी दोनदा थांबवलं. दुसऱ्यांदा थांबवलं ते एका अर्ध्या बंद केलेल्या व्हॉल्व्हसाठी, जो त्यांनी सांगितला होता आणि याने ऐकला नव्हता.

तिसऱ्या बॅचसाठी मी कार्ड नव्याने छापून घेतलं. पोपट काढला, सरावातल्या जोड्या एक जुना आणि एक नवा अशा केल्या, आणि तिसरा मुद्दा आता असा आहे: ‘चार्ज घेताना म्हणा: मी म्हणून बघतो, चुकलं तर थांबवा.’